चौदा ठोक्यांचा फरक

"चौदा," साहेब म्हणाले. "पाटी वाचता येते ना बाई? चौदा."

"मीच लिहिलेत की खडूनं. वाचता कसे येणार नाहीत?"

"मग ती आत जाणार नाही."

"का नाही जाणार? अंगात ताप आहे? छातीत दुखतंय? चक्कर आली?"

"जोडीत दहाच्या वर फरक नको. आपल्या केंद्राचा नियम आहे."

"नियम केला तेव्हा केंद्रात बाई होती का एक तरी?"

"तुम्ही होता की."

"मी नाडी धरायला होते साहेब. द्यायला नव्हते."

बाकावर बसलेले चार जवान खाली बघून हसले. साहेबांनी वळून पाहिलं तसे ते हसू गिळून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. ज्यांच्या आधीच बांधलेल्या होत्या त्यांनी सोडून परत बांधल्या.

हे चाललं होतं अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात, धुराच्या खोलीच्या दाराशी. ही खोली म्हणजे विटांची काळीकुट्ट पेटी. खिडकी नाही, आत आडवेतिडवे लोखंडी जिने, आणि एका कोपऱ्यात धूर सोडायची नळी. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा चढवून जोडीजोडीनं आत जायचं, डोळ्यांनी काही दिसत नसताना पुतळा शोधायचा आणि ओढत बाहेर आणायचा. आत कधी एकट्यानं जायचं नाही. जोडी म्हणजे जोडी. एक पडला तर दुसऱ्यानं काढायचा.

आणि आत जायच्या आधी बाकावर पाच मिनिटं गप्प बसायचं. मग बाई येऊन दोघांची नाडी मोजणार आणि दाराशेजारच्या पाटीवर तीन आकडे लिहिणार: एकाची नाडी, दुसऱ्याची नाडी, दोघांतला फरक. फरक दहाच्या वर गेला की ज्याची नाडी जास्त तो बाहेर. असली पाटी दुसऱ्या कुठल्या केंद्रात नव्हती. ती इथल्या साहेबांची स्वतःची.

आज पाटीवर लिहिलं होतं: अठ्ठावन्न, बहात्तर, चौदा.

अठ्ठावन्नवाला पहिलवान. खरंच आखाड्यात घडलेला, चाळीस वर्षांचा, नव्वद किलोचा गडी. बहात्तरवाली खारूताई. बेचाळीस वर्षांची, पहिलवानाच्या बगलेखालून न वाकता जाईल एवढी चण. शिडीवर ती चढायला लागली की बघणाऱ्याला झाडावरची खार आठवायची, म्हणून ते नाव. नऊ वर्षं तिनं फोनच्या खोलीत बसून लोकांच्या आगी कानानं ऐकल्या होत्या. बायकांना धुरात जायची परवानगी झाली, तशी ती खुर्ची मागे सारून उठली आणि परत बसली नाही. चार महिन्यांपूर्वी सगळ्या परीक्षा पार करून ती धुराच्या तुकडीत आली. दीड महिन्यानं पुढच्या वर्षाच्या जोड्यांची यादी लागणार होती. तीत नाव नसलं तर तिची खुर्ची फोनच्या खोलीत तिची वाट बघत होतीच.

"यादीला सहा आठवडे आहेत," साहेब म्हणाले. "तोवर फरक दहाच्या आत आला तर ठीक. नाहीतर मला माझी माणसं जिवंत बाहेर हवी आहेत."

खारूताईनं मुखवटा काढला, टाकीचे पट्टे सोडले आणि टाकी जागेवर नेऊन ठेवली. आदळली नाही. तिनं आदळली असती तर बाईला बरं वाटलं असतं.

*

या बाईला सगळे मिनिटबाई म्हणत. केंद्राच्या दवाखान्यात ती सव्वीस वर्षं नर्स. दवाखाना म्हणजे बंब उभे राहतात त्याच्या बाजूची एक खोली, दोन खाटा, एक कपाट आणि भिंतीला टेकवलेली रजिस्टरं. नाडी मोजायची तर लोक पंधरा सेकंद मोजतात आणि चारनं गुणतात. ही तसलं काही करायची नाही. मनगटावर तीन बोटं ठेवायची, छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळाकडे बघायची आणि पुरतं एक मिनिट मोजायची. बंबाची घंटा होत असली तरी. "पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर गुणून चार चुकतात," ती म्हणायची. "आणि मधेच एखादा ठोका गाळणारं काळीज असलं तर ते मिनिटभर बसल्याशिवाय सापडत नाही." बोटात अडकवायची यंत्रं आली, तीही तिनं कपाटात ठेवली. लागली की काढायची. पण बोटं आधी.

ही सवय लहानपणची. तिचा बाप गावात गुरांची दुखणी बघायचा. शिकलेला डॉक्टर नव्हे, हातगुणाचा माणूस. तिला तो बैलाच्या जबड्याखालची शीर धरायला लावायचा. बैलाचं काळीज सावकाश चालायचं, शेताला निघालेल्या म्हाताऱ्यासारखं. शेळीचं भरभर. कोंबडी हातात धरली तर मोजताच यायचं नाही, नुसती थरथर. "लहान जिवाचं काळीज लहान," बाप म्हणायचा. "लहान तांब्यानं रांजण भरायचा तर खेपा जास्त होणार. यात आजार कसला?"

हे वाक्य तिच्या डोक्यात चाळीस वर्षं पडून होतं. आता ते हुडकून काढायची वेळ आली होती.

त्यातच आणखी एक घोटाळा निघाला. पाटीच्या वादानंतर पहिल्याच गुरुवारी वार्षिक तपासणी आली. दर गुरुवारी केंद्रात डॉक्टरीणबाई यायच्या. छातीला तारा लावून, चालत्या पट्ट्यावर माणसाला उभं करून, पट्टा हळूहळू वेगात आणि चढावर न्यायचा. माणूस "आता नाही" म्हणेपर्यंत. भिंतीवर जुना तक्ता टांगलेला: दोनशेवीसमधून वय वजा करा, तेवढी नाडी चढली पाहिजे. पहिलवानाची चढायला हवी होती एकशेऐंशी. चढली एकशेएक्क्याऐंशी. खारूताईची हवी होती एकशेअठ्ठ्याहत्तर. ती पाय लटपटेपर्यंत पळाली, केस कपाळाला चिकटले, तोंडातून शब्द फुटेना. नाडी एकशेसदुसष्टवर थांबली. तिथून हललीच नाही.

साहेब दारात उभे होते. "बघा. खाली बसली की नाडी जास्त, वर चढवली की कमी. दोन्हीकडून उणी. आता काय म्हणता?"

डॉक्टरीणबाई कागदावर सही करत होत्या. "तब्येत ठणठणीत, असं म्हणते. कागदावर तसं लिहिलंय."

"तुमचा कागद रस्त्यानं चालायला पुरतो डॉक्टर. धुरात माझी पाटी चालते."

साहेब गेले. डॉक्टरीणबाईंना पुढच्या केंद्रात जायचं होतं. त्या पिशवी उचलून निघाल्या, तर मिनिटबाई दारात आडवी उभी.

"बाई, मला उशीर होतोय."

"मला समजावून सांगा आणि मग जा. मी त्यांना समजावते. पण माझं स्वतःचं पक्कं पाहिजे."

डॉक्टरीणबाई परत बसल्या. हिच्याशी वाद घालण्यापेक्षा सांगून टाकणं लवकर होतं, हे त्यांना दोन वर्षांत कळलं होतं.

"बसल्या जागेची नाडी आधी. बायकांची पुरुषांपेक्षा सरासरीनं तीन ते आठ ठोके जास्तच असते. बऱ्याच अंशी कारण साधं, काळीज आकारानं लहान, एका ठोक्यात रक्त कमी जातं. मग ठोके जास्त."

"लहान तांब्या."

"काय?"

"काही नाही, सांगा."

"साठ ते शंभर, हे दोघांनाही चालतं. कसलेल्या माणसाची पन्नासातही असते. पहिलवान अठ्ठावन्न आहे तो तालमीमुळे. म्हणजे चौदातले काही ठोके बाई-बाप्याचे आणि काही त्याच्या दंडबैठकांचे. तिच्या दुखण्याचा एकही नाही."

"आणि वरची?"

"तो भिंतीवरचा हिशोब ढोबळ आहे, आणि बराचसा पुरुषांवरून बसवलेला. बायकांसाठी वेगळा आडाखा आहे. वयाचे अठ्ठ्याऐंशी टक्के काढायचे आणि दोनशेसहामधून वजा करायचे." त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात मांडून दाखवलं. "बेचाळीसचे सदतीस. दोनशेसहातून गेले, राहिले एकशेएकोणसत्तर. हिची आली एकशेसदुसष्ट. दोन ठोके! आणि निरोगी माणसाचा आकडासुद्धा आडाख्याच्या दहा-बारा इकडेतिकडे असतो. तक्ता म्हणजे दगडावरची रेघ नव्हे."

"मग वर बघायचं काय?"

"पळताना दुखलं का, भोवळ आली का, ठोका वेडावाकडा पडला का. आणि थांबल्यावर नाडी उतरते कशी. हिची पहिल्या मिनिटात एकशेसदुसष्टची एकशेएकोणचाळीस झाली. फार छान उतरली. बारासुद्धा उतरत नसती तर मी सही केली नसती."

"आणि बसल्या जागी? कधी घाबरायचं?"

"सारखी शंभराच्या वर राहिली तर. अनियमित झाली तर. दम, चक्कर, छातीत दुखणं सोबत असलं तर. आणि..." त्या उठल्या. "माणसाचा स्वतःचाच आकडा विनाकारण बदलला आणि बदललेलाच राहिला तर. शेजारच्याशी नाही बाई, स्वतःशी ताडून बघायचं. आता सोडा मला."

मिनिटबाईनं वाट सोडली.

*

त्या दिवसापासून तिनं सगळ्या केंद्राची नाडी धरली. कामावर आल्या आल्या, चहाच्या आधी, बिडीच्या आधी, पाच मिनिटं बसवून. एकतीस पुरुष आणि चार बायका. घरीही सुटका नव्हती. नवऱ्याची उठायच्या आधी अंथरुणातच धरली. बासष्ट. स्वतःची सत्तर.

"काय निघालं?" नवऱ्यानं डोळे न उघडता विचारलं.

"आठ ठोक्यांचा फरक."

"तीस वर्षांत एवढाच? मला वाटलं जास्त असेल."

पंधरा दिवसांनी तिनं सरासरी काढली. पुरुषांची सहासष्ट, बायकांची बहात्तर. टँकर चालवणारी बाई चौसष्टची निघाली, म्हणजे अर्ध्याअधिक पुरुषांपेक्षा सावकाश. आणि धुराच्या परीक्षा पार करूनही पाटीमुळे बंबावरच राहिलेल्या एका निरोगी ड्रायव्हरची नाडी अठ्ठ्याऐंशी होती. दर वर्षी तेवढीच, दहा वर्षं. खारूताईची बहात्तर. पाळी यायच्या आधीचे आठ-दहा दिवस चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर. पाळी आली की परत बहात्तर. घड्याळासारखी बाई.

हा कागद घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी वाचला, घडी घातली.

"चार बायकांवर शास्त्र करता?"

"शास्त्र डॉक्टरांचं आहे. मी फक्त आपल्या घरात खरं आहे का ते बघितलं."

"बाई, माझा जोडीदार कसा गेला माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. ती नोकरीला लागून चार वर्षं झाली होती तेव्हा. गोदामाला आग, साहेब साधे जवान होते तेव्हा, आणि त्यांचा जोडीदार आत कोसळला. त्यांनी त्याला बाहेर ओढला, पण उशीर झाला होता. नंतर रजिस्टर बघितलं तर सकाळी दोघांच्या नाडीत अठराचा फरक लिहिलेला. कुणी लक्षच दिलं नव्हतं. साहेबांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या हातानं ती पाटी रंगवली आणि दाराशेजारी ठोकली. ही पाटी काही खुळ्याचा खेळ नव्हता. म्हणूनच तर तिच्याशी भांडणं अवघड होतं.

"अजून महिना आहे," साहेब म्हणाले. "बघू."

*

आणि मग चमत्कार झाला. फरक उतरायला लागला.

पहिल्या आठवड्यात चौदाचा अकरा झाला. मग नऊ. मग सहा. पाटी रोज लिहिली जायची, पोरं रोज वाचायची, आणि खारूताई परत धुरात जायला लागली. पुतळा ओढून काढला, दोनदा तर ठरलेल्या वेळेच्या आत. यादी लागायला चार दिवस राहिले त्या सकाळी पाटीवरचा शेवटचा आकडा होता दोन.

साहेब पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांना हसायची सवय नव्हती, त्यामुळे ते गालाला काहीतरी झाल्यासारखे दिसले. "आली की नाही लायनीत? सुंठीवाचून खोकला गेला बाई. उगाच तुम्ही कागद काळे केलेत."

मिनिटबाईच्या हातात खडू होता. ती पाटीकडेच बघत होती. साहेब गेल्यावर खारूताई जवळ आली.

"बाई, माझी सुधारली म्हणायची."

"तुझी?" मिनिटबाईनं पाटीच्या मधल्या आकड्यावर बोट ठेवलं. "तुझी बहात्तर. पहिल्या दिवशी बहात्तर होती, आजही बहात्तर. तू तिथल्या तिथेच उभी आहेस."

"मग फरक..."

दोघी पहिल्या आकड्याकडे बघायला लागल्या. सत्तर.

पहिलवान अठ्ठावन्नवरून सत्तरवर आला होता. सत्तर म्हणजे काहीच नाही. साठ ते शंभरमधला सभ्य आकडा. दुसऱ्या कुणाचा असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण मिनिटबाईनं मागची रजिस्टरं उघडली. सहा वर्षं, आणि पहिलवानाची नाडी सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. ताप आला तेव्हा एकदा ऐंशी आणि चार दिवसांनी परत अठ्ठावन्न. आणि आता तीन आठवडे जिना चढल्यासारखी: एकसष्ट, त्रेसष्ट, सहासष्ट, सत्तर. दोन ठोक्यांच्या त्या गोंडस फरकाखाली हा जिना लपला होता. आणि ती तोवर काय बघत होती? पाटीचा तिसरा आकडा. खारूताईच्या लढाईत तिनं पहिलवानाकडे बघायचंच सोडलं होतं. तिनं स्वतःला मनातल्या मनात एक कचकचीत शिवी दिली.

खारूताईनं दवाखान्याचं दार लोटून घेतलं. "बाई, एक बोलू? यादी शनिवारी आहे. आज मंगळवार."

"मग?"

"चार दिवस. काही न बोलता चार दिवस गेले तर माझं नाव लागतं. तुम्ही आज बोललात तर तो बाहेर जाणार. आणि तो बरा होऊन परत आला की फरक परत चौदा. मी परत फोनवर."

मिनिटबाईनं रजिस्टर तसंच उघडं ठेवलं. ठरवायचं ते खारूताईनंच.

खारूताई खाटेच्या कडेला बसली. हातातला मोजा उलटा केला, सुलटा केला. "नव्वद किलोचा आहे," ती शेवटी म्हणाली. "आत आडवा झाला तर मलाच ओढायचाय." मग उठली. "पाठवते त्याला."

*

पहिलवान आला तो दारातच उभा राहिला.

"बस."

"उभाच बरा आहे."

"नाडी काय उभ्यानं मोजू?"

तो बसला; पण जसा बसला ते बघून मिनिटबाईला महिनाभरातलं बरंच काही एकदम आठवलं. हा हल्ली चहा उभ्यानं प्यायचा. जेवायला बसला की एका कुल्ल्यावर तोलून बसायचा. बंबातल्या त्याच्या जागेवर घडी केलेला टॉवेल असायचा. पोरांनी त्यावरून चेष्टा केली तर हा सगळ्यात जोरात हसायचा. तिनं पुरतं मिनिट मोजलं. सत्तर. ठोका नियमित, पण पातळ. मग त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आतून लाल असायला हवी, ती जुन्या उपरण्यासारखी पांढुरकी.

"जिना चढताना दम लागतो?"

"वय झालं बाई."

"चाळिशीत? रक्त किती दिवस पडतंय?"

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या टॉवेलानं. किती दिवस?"

"दोन महिने असेल. जास्तच. पण ते मूळव्याधीचं, बाई, जातं आपोआप. आमच्या वडिलांना पण होती."

"गेली का वडिलांची आपोआप?"

पहिलवान दुसऱ्या कुल्ल्यावर सरकला.

"परवा गुरुवार आहे. डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. तोवर धूर बंद."

"बाईमाणसाला दाखवू?"

"आग लागली की आत बाई आहे का बाप्या, हे विचारून शिरतोस का?"

पहिलवानानं मान खाली घातली. म्हणाला, "पोरांना सांगू नका."

"पोरांना कशाला सांगू? मी साहेबांना सांगणार. तू आजारी आहेस एवढंच. कुठं, ते तुझं तू सांग."

गुरुवारी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या जवळपास निम्मं. काळजाला रक्त पुरेना, म्हणून ते जास्त वेळा धावत होतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, मोठ्या इस्पितळात तपासणीची चिठ्ठी लिहिली, रक्त नक्की मूळव्याधीचंच आहे का हेही बघायला सांगितलं, आणि दोन महिने धुरात जायला मनाई केली. "या अंगानं तो टाकी घेऊन आत गेला असता ना," त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठीवर शिक्का मारला.

*

शुक्रवारी मिनिटबाई तीन रजिस्टरं काखेत मारून साहेबांच्या खोलीत गेली. न विचारता बसली. हे ती सव्वीस वर्षांत पहिल्यांदा करत होती.

"पहिलवानाचं कळलं," साहेब म्हणाले. "वेळेवर धरलंत."

"तुमच्या पाटीनं धरला नाही साहेब. तुमच्या पाटीनं त्याला आत पाठवला असता. फरक दोन होता."

साहेबांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"फरक चौदा होता तेव्हा दोघंही ठणठणीत होते आणि आपण तिला बाहेर बसवलं. फरक दोन झाला तेव्हा एकाच्या अंगातलं रक्त अर्ध्यावर आलं होतं, आणि आपण म्हणालो, लायनीत आली."

"योगायोग असतो कधी कधी."

"मला वाटलंच तुम्ही असं म्हणाल." तिनं सगळ्यात खालचं रजिस्टर वर काढलं. त्याचा पुठ्ठा सुटला होता, कडेला वाळवी लागून गेली होती. तिनं एक पान उघडून त्यांच्यासमोर सरकवलं. "ओळखता का कोण ते?"

साहेबांनी नाव वाचलं. वाचून हात टेबलावरून खाली घेतला.

"त्या सकाळी त्याची अठ्ठ्याऐंशी होती आणि तुमची सत्तर," मिनिटबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "फरक अठरा. तो तुमच्या लक्षात राहिला, राहायलाच पाहिजे. पण त्याच्या आधीचा महिना बघा. अडुसष्ट, अडुसष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. तुमच्याहून जास्त होती म्हणून तो पडला नाही साहेब. स्वतःच्या कालच्या आकड्याहून वीस जास्त होती म्हणून पडला. ताप अंगात घेऊन गेला आत. तुमची नाडी त्या दिवशी काही का असेना, त्याची खूण त्याच्याच रांगेत होती."

बाहेर कुणीतरी बंबाला पाणी मारत होतं. साहेबांनी पान उलटलं नाही. त्यांचं बोट अडुसष्टच्या रांगेवरून खाली गेलं, अठ्ठ्याऐंशीपाशी थांबलं.

"बावीस वर्षं मी चुकीचं बघत होतो म्हणता."

"बघत होता, हे बरोबर. कुठं बघायचं ते चुकलं. आणि तेव्हा जोड्या एका वयाच्या, एका तालमीतल्या पुरुषांच्या होत्या, म्हणून चालून गेलं."

"ती एकशेसदुसष्टवर थांबते त्याचं?"

"तक्ता पुरुषांचा आहे. तिच्या वयाच्या बाईसाठी एकशेएकोणसत्तर, आणि दहा-बारा इकडेतिकडे चालतात. हा डॉक्टरांचा कागद. मला विचाराल तर किती चढली यापेक्षा किती लवकर उतरली ते लिहा. तिची एका मिनिटात अठ्ठावीस उतरली. तुमची तपासणीत किती उतरली, सांगू?"

"नको."

"बरं."

साहेब उठून खिडकीपाशी गेले. अंगणात खारूताई शिडी उभी करत होती, एकटीच, खांद्यावर पेलून. "समजा पहिलवान परत आला," ते तिकडेच बघत म्हणाले. "परत चौदा होणार."

"झाले पाहिजेत. नाही झाले तर मी परत तुमच्या दारात येईन."

*

शनिवारी यादी लागली. खारूताईचं नाव होतं, अठ्ठ्याऐंशीवाल्या ड्रायव्हरच्या जोडीला. पहिलवान येईपर्यंत. या जोडीत नाडी जास्त होती ती बाप्याची, सोळानं, आणि पोरांना याची एवढी मजा वाटली की तो ड्रायव्हर आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

सोमवारी सकाळी मिनिटबाई धुराच्या खोलीशी आली तर पाटी काढलेली. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं आणि एक फिकट चौकोन. तिला वाटलं, रागावून फेकून दिली वाटतं. तेवढ्यात साहेब पाटी घेऊन आले. हाताला पांढरा रंग, पँटलाही. तिसरा रकाना पुसून टाकला होता. आता प्रत्येक नावापुढे दोनच घरं होती: वर लिहिलं होतं 'नेहमीची' आणि 'आजची'. त्याखाली बारीक अक्षरात, मावत नसताना दाबून बसवलेलं: 'स्वतःहून दहा जास्त, तर बाईंना विचारा.'

"अक्षर वाकडं आलं," साहेब म्हणाले.

"वाचता येतंय."

"दहा बरोबर आहे ना? का तेही चुकलं?"

"दहा दिसले तर मी परत मोजीन, विचारीन, ताप बघीन. त्याहून कमी असले आणि रोज चढत असले तरी बघीन. आकड्यावर सोडून देणार नाही मी."

"तेही लिहायला पाहिजे होतं."

"जागा नाही साहेब. मी आहे की."

त्यांनी पाटी ठोकली. एक खिळा वाकला, तो त्यांनी काढून परत मारला. खारूताई आणि ड्रायव्हर बाकावर येऊन बसले, टाक्या पाठीवर, मुखवटे मांडीवर. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मिनिटबाईनं खडू कानामागे खोचला, खारूताईचं मनगट उचललं, तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं.

"बाई, पंधरा सेकंद मोजा की आज," ड्रायव्हर म्हणाला. "धूर भरलाय केव्हाचा."

तिनं मान हलवून त्याला गप्प केलं आणि मोजत राहिली.